हरवलेले नाही, सापडत नाही एवढेच

गेल्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. माझी भाची तेव्हा दहावीत होती. शाळेच्या सराव परीक्षेत बीजगणिताचा पेपर होता. संध्याकाळी ती घरी आली ती दप्तर कोपऱ्यात टाकून सरळ आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "मामा, सूत्र आठवलं. पण करळ फाट्यावर."

न्हावा शेवाच्या बाजूला राहणाऱ्यांना करळ फाटा वेगळा सांगायला नको. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत तिची रिक्षा अडकली होती. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि करण्यासारखे काहीच नाही. अशा वेळी, कोणी न विचारता, अंकगणिती श्रेढीच्या बेरजेचे सूत्र तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. वर्गात त्याच सूत्रासाठी ती सतरा मिनिटे कोऱ्या पानाकडे बघत बसली होती. चार गुणांचा प्रश्न तर गेलाच, पण त्या सतरा मिनिटांपायी पुढचे दोन सोपे प्रश्नही राहिले.

माझी बहीण म्हणाली, "अगं, घाबरायचं कशाला? शांत डोक्यानं लिहायचं." हे वाक्य मीही अनेक मुलांना अनेकदा ऐकवले आहे. त्या दिवशी मात्र भाचीने उलट विचारले, "शांत डोक्यानं म्हणजे काय करून?" आणि आमच्या दोघांकडेही उत्तर नव्हते. आपण मुलांना धीर देतो, पण कृती देत नाही. 'घाबरू नकोस' हा सल्ला नव्हे, ती आपलीच काळजी असते. पेपरात डोके कोरे पडले की नेमके काय करायचे, हे मुलांना पाढ्यांसारखे शिकवले पाहिजे, असे माझे मत त्या दिवसापासून झाले. हा लेख त्यासाठीच.

माझे स्वतःचे डोके असेच कोरे पडले होते ते मार्च १९८४ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत आमच्या उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन पेटले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला होता. घरात त्याखेरीज दुसरा विषय नव्हता. दोन महिन्यांनी मी दहावीच्या इतिहासाच्या पेपराला बसलो. तोंडपाठ असलेला धडा, त्यावरचा प्रश्न, आणि मला एक ओळ आठवेना. पेपर संपवून बाहेर आलो, शाळेच्या नळावर पाणी प्यायलो आणि धडा शब्दशः आठवला. तेव्हा मी त्याला नशीब म्हटले. ते नशीब नव्हते, हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

पुढे त्याच जमिनीवरच्या बंदरात, कंटेनर यार्डात, मी तीसेक वर्षे काढली. हे बंदर सुरू झाले १९८९ मध्ये. यार्डात प्रत्येक कंटेनरची जागा ठरलेली असते: अमुक ब्लॉक, अमुक रांग, अमुक थर. कधी कधी नोंदीत चूक होते आणि सांगितलेल्या जागी कंटेनर सापडत नाही. नवा माणूस लगेच घाबरतो, "साहेब, डबा हरवला!" अहो, वीस-पंचवीस टनांचा लोखंडी डबा हरवेल कुठे? तो यार्डातच असतो. हरवलेला असतो तो पत्ता. अशा वेळी जाणता माणूस त्याच रिकाम्या जागेकडे टक लावून बसत नाही. तो विचारतो, हा डबा कुठल्या जहाजातून उतरला? कुठल्या दिवशी? त्याच्या आगेमागे कुठले डबे उतरले? मग त्या शेजाऱ्यांकडे जाऊन बघतो, आणि बहुतेक वेळा डबा तिथेच उभा असतो.

पेपरातले विसरणे हे असेच आहे. याचा एक चांगला पुरावा स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. भीतीच्या वेळी आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. त्यासारखाच परिणाम करणारी गोळी त्यांनी निरोगी माणसांना दिली. आदल्या दिवशी शब्दांची यादी पाठ केलेल्यांना आठवण्याच्या परीक्षेआधी तासभर ही गोळी दिली, तेव्हा त्यांना कमी शब्द आठवले. तीच गोळी पाठ करण्याच्या सुमारास दिली तर फरक पडला नाही. म्हणजे भीतीने कोठार रिकामे होत नाही, कोठाराकडे जाणारी वाट तेवढ्यापुरती अरुंद होते. शिवाय आपण एका वेळी तीनचार गोष्टीच डोक्यात हाताशी धरू शकतो. 'आता नापास होणार', 'आई काय म्हणेल', 'शेजारची पुरवणी मागतेय' हे तीन विचार येऊन बसले की गणिताला बसायला जागाच उरत नाही.

मग करायचे काय? भाचीसाठी मी आणि तिने मिळून जी रीत बसवली, ती सांगतो.

पहिली गोष्ट, पेन खाली ठेवायचे. अगदी खरोखर बाकावर ठेवायचे. दोन्ही पावले जमिनीला टेकवायची, घट्ट मिटलेला जबडा आणि वर चढलेले खांदे सैल सोडायचे. मग श्वास. इथे बहुतेक मोठी माणसे चुकीचा सल्ला देतात. 'दीर्घ श्वास घे' म्हटले की घाबरलेले मूल भराभर मोठे श्वास घेऊ लागते. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरते, बोटांना मुंग्या येतात आणि मुलाला वाटते की आता आपण बेशुद्धच पडणार. खरे काम श्वास सोडण्यात आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. म्हणून चार अंक मोजत नाकाने साधा श्वास घ्यायचा आणि आठ अंक मोजत हळूहळू सोडायचा. असे पाच वेळा. बरोबर एक मिनिट लागते. जमले की नाही हे कसे ओळखायचे? मनगटाची नाडी बघत बसू नये. अक्षर स्थिर आले आणि प्रश्न एका वाचनात कळला, की जमले.

भाचीची लगेच शंका, "मामा, मिनिट फुकट गेलं तर?" हिशेब करून दाखवला. दहावीच्या बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. एक मिनिट थांबण्याची किंमत गुणाचा एक तृतीयांश. तिने न थांबता घालवलेल्या सतरा मिनिटांची किंमत जवळजवळ सहा गुण होती. हे आकडे तिने स्वतः मांडले आणि त्यानंतर थांबण्याविषयी तिची कुरकुर बंद झाली.

दुसरी गोष्ट, अडलेल्या दारावर धडका मारायच्या नाहीत, शेजारून जायचे. याचे दोन प्रकार आहेत, कारण विसरलेल्या गोष्टीही दोन प्रकारच्या असतात. काही गोष्टी पुन्हा बांधता येतात आणि काही फक्त शोधाव्या लागतात.

सूत्र हे बांधता येते. भाचीचा अडलेला प्रश्न साधारण असा होता: एका सभागृहात खुर्च्यांच्या २४ रांगा आहेत, पहिल्या रांगेत २० खुर्च्या, पुढच्या प्रत्येक रांगेत दोन जास्त, तर एकूण खुर्च्या किती? सूत्र आठवत नाही. ठीक आहे. कच्च्या कामात सर्वांत लहान उदाहरण घ्यायचे, ज्याचे उत्तर हाताने तपासता येईल: १ ते १० ची बेरीज. पहिला आणि शेवटचा मिळून ११. दुसरा आणि शेवटून दुसरा, म्हणजे २ आणि ९, तेही ११. अशा पाच जोड्या, बेरीज ५५. म्हणजे रीत कळली: पहिले अधिक शेवटचे, गुणिले पदांच्या निम्मे. आता खुर्च्यांकडे या. शेवटची रांग म्हणजे पहिल्या रांगेनंतर २३ वेळा दोन वाढले, २० अधिक ४६, बरोबर ६६. पहिली आणि शेवटची मिळून ८६. चोवीस रांगांच्या बारा जोड्या. बारा गुणिले ८६, म्हणजे १०३२ खुर्च्या. आता गंमत पाहा. हे मांडता मांडताच भाचीला पुस्तकातले सूत्र आठवले, Sₙ = n/2 [2a + (n − 1)d], कारण ते या जोड्यांचेच लिखित रूप आहे. बांधायला घेतले की वाट आपोआप सापडते, आणि नाही सापडली तरी उत्तर हाती असते.

नावे, व्याख्या, सनावळ्या यांचे तसे नाही. त्या बांधता येत नाहीत. तिथे यार्डातली युक्ती लागते, शेजाऱ्यांना विचारायची. समजा विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आहे की आधुनिक आवर्तसारणीचा पाया घालणारा शास्त्रज्ञ कोण, आणि नाव ओठांवर येऊन अडले आहे. सारखे 'मेंडेलीव्ह' येते आणि ते नाही हेही कळते. जितक्या जोराने आठवावे तितका तो मेंडेलीव्ह दारात ठाण मांडून बसतो. म्हणून जोर सोडायचा आणि धडा ज्या क्रमाने आला त्या क्रमाने कच्च्या कामात लिहायचे: डोबेरायनर, त्रिके. न्यूलँड्स, अष्टके. मेंडेलीव्ह, अणुवस्तुमान. आणि त्यानंतर अणुअंक, तो कोणी आणला? हे लिहीपर्यंत पुष्कळदा 'मोस्ले' येऊन उभा राहतो. नाही आला तर आणखी एक शेजारी विचारायचा: मी हा धडा कुठे बसून वाचला होता? पानाच्या वर की खाली? शेजारी कोणते चित्र होते? बाईंनी कुठल्या दिवशी शिकवला?

हा शेवटचा प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याला आधार आहे. गॉडन आणि बॅडली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही शब्द पाण्याखाली पाठ करून घेतले, काही किनाऱ्यावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. जिथे शिकलो ती जागा आठवणीला चिकटून येते. पुढे असेही दिसले की त्या जागी प्रत्यक्ष जायलाच हवे असे नाही, ती जागा मनात नीट उभी केली तरी मदत होते. परीक्षेच्या वर्गात घराचा ओटा काही आणता येत नाही, पण डोळे मिटून तो दहा सेकंद पाहता नक्की येतो.

तिसरी गोष्ट, याला मर्यादा घालायची. श्वासाचे एक मिनिट, शेजाऱ्यांची दोन मिनिटे. एवढ्यात आले नाही तर प्रश्नक्रमांक लिहून पुरेशी जागा मोकळी सोडायची, प्रश्नपत्रिकेवर नजरेने त्या प्रश्नाची नोंद घ्यायची आणि सर्वांत सोपा वाटणारा प्रश्न हाती घ्यायचा. हे पळून जाणे नव्हे. दुसऱ्या कामात हात गुंतला की आधी दारात बसलेला चुकीचा शब्द उठून जातो. करळ फाट्यावर हेच झाले होते, फक्त उशिरा झाले. आपल्या मंडळाच्या परीक्षेत पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी मिळे. २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी जोडून मिळू लागली. त्या दहा मिनिटांचे काम आधीच ठरवून ठेवावे: सोडलेल्या जागांकडे परत जाणे. तोपर्यंत पुष्कळशी भीती ओसरलेली असते.

इथे एक प्रामाणिक प्रश्न विचारायला हवा. प्रत्येक कोरे पान भीतीचेच असते का? नाही. पुष्कळदा ती गोष्ट कोठारात आलेलीच नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पेपरानंतर तासाभरात पुस्तक न उघडता उत्तर आठवले, किंवा पेपरातच त्याचे पहिले अक्षर, पानाची जागा, काहीतरी जाणवत होते, तर ते अडलेले होते. पुस्तक उघडल्यावर 'हां हां, हे मला येत होतं' असे वाटले, पण त्याआधी काहीच हाती नव्हते, तर ते येत नव्हते, फक्त ओळखीचे होते. रस्त्यात माणूस दिसल्यावर ओळखणे वेगळे आणि घरबसल्या त्याचे नाव सांगणे वेगळे. आपली मुले धडा पाच-पाच वेळा वाचतात, तो ओळखीचा होतो, आणि त्या ओळखीलाच अभ्यास समजतात.

म्हणून चौथी गोष्ट पेपराच्या आधीची आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावे, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. मग पुस्तकाशी ताडून पाहावे. हेच दुसऱ्या दिवशी, मग तीनचार दिवसांनी. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखवले की नुसते पुन्हा पुन्हा वाचलेल्यांची आठवण ताणाखाली खालावली, पण असे मिटल्या पुस्तकाने आठवून सराव केलेल्यांची टिकली. ज्या वाटेने पुष्कळदा गेलो ती वाट घाबरल्यावरही सापडते, असे साध्या शब्दांत म्हणता येईल.

आणि तालीमही हवी. इथून जवळ न्हाव्याला जहाजावरच्या मुलांना घडवणारी 'रहमान' ही जुनी प्रशिक्षण संस्था आहे. जहाजावरचा नियम असा की आगीची आणि जहाज सोडण्याची तालीम प्रत्येक खलाशाने महिन्यातून किमान एकदा करायचीच, मग तो वीस वर्षांचा अनुभवी का असेना. कारण आग लागल्यावर कोणी विचार करून शहाणा होत नाही, हातापायांना ठाऊक असेल तेवढेच होते. आम्ही घरी दर रविवारी तशीच तालीम केली. जुनी प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ, मोबाइल दुसऱ्या खोलीत. भाचीला तीन मजले धावत वर यायला सांगायचे आणि छातीत धडधड चालू असतानाच पेपर हाती द्यायचा. मध्येच मी टेबलावर टकटक केली की तिने समजायचे, डोके कोरे पडले. पेन खाली, पावले जमिनीला, पाच श्वास, मग शेजारी. पहिल्या रविवारी तिला हसू आले. दुसऱ्या रविवारी चिडली. चौथ्या रविवारी मी टकटक करायच्या आधीच, खरोखर अडल्यावर, तिचे पेन खाली गेले. तेव्हा मला वाटले, आता हे तिचे झाले.

हे सगळे साध्या घाबरण्यासाठी आहे, हेही सांगून ठेवतो. ज्या मुलाला परीक्षेच्या आठवड्यात झोपच येत नाही, रोज उलट्या होतात, श्वास कोंडतो, किंवा जगणेच नको अशी भाषा तोंडी येते, त्याला श्वास मोजायला लावत बसू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येते. आणि अशा मुलापुढे टक्क्यांचा विषय काढू नये.

शाळांना माझी एकच विनंती आहे. सराव परीक्षा आपण फक्त गुण कळावेत म्हणून घेतो. तिच्यातला एक तास या तालमीला द्या. पेपर परत देताना 'किती पडले' याबरोबर 'कुठे अडलात आणि मग काय केलंत' हे प्रत्येकाला विचारा. मुलांना पहिल्यांदाच कळेल की वर्गातला पहिला येणाराही अडतो.

मार्चमध्ये भाचीचे पेपर झाले. विज्ञानाच्या दिवशी मी तिला आणायला गेलो होतो, बहीणही बरोबर होती. एरवी फाटकापाशीच 'पेपर कसा गेला?' म्हणून हात धरणारी माझी बहीण या वेळी म्हणाली, "किती वेळा अडलीस?"

"दोनदा," भाची म्हणाली. "एक सुटलं. दुसऱ्यासाठी जागा सोडली होती, पण शेवटपर्यंत नाही आलं. मग राहू दिलं."

घरी परतताना करळ फाट्यावर पुन्हा ट्रेलरची रांग होती. मी मुद्दाम विचारले, "काय गं, राहिलेलं आठवलं का?"

"नाही मामा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ते मला येतच नव्हतं."